पाठवणाऱ्याची हमी

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या परिसरात राईनपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि पाड्यावर आठवडी बाजार भरला होता. त्या बाजारात पाच अनोळखी माणसे आली. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले हे लोक नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. गावोगाव फिरून भिक्षा मागायची, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. ‘पोरं पळवणारी टोळी’ अशी हाकाटी झाली आणि बाजारातली माणसे त्यांच्यावर तुटून पडली. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारले. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही जमावाने जुमानले नाही.

त्या पाचजणांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. परिसरात अशी टोळी फिरत असल्याचा कसलाही पुरावा नव्हता. होते ते फक्त व्हॉट्सॲपवरचे संदेश. मुले पळवणारे आले आहेत, त्यांच्या किडन्या काढून विकतात, अनोळखी माणूस दिसला तर सावध राहा, असे मजकूर कित्येक दिवस धुळे-नंदुरबार भागातल्या मोबाइलवर फिरत होते. त्याच दिवशी मालेगावातही एका कुटुंबावर याच संशयावरून जमाव चालून गेला. त्यांच्यासोबत दोन वर्षांचे बाळ होते. तिथे पोलिसांनी मोठ्या शर्थीने त्यांना वाचवले.

राईनपाड्यात ज्यांनी हात उचलला त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्या दिवशी पाड्यावर नसलेल्या, पण आधीच्या आठवड्यांत तो संदेश आपल्या ग्रुपमध्ये पाठवून मोकळ्या झालेल्या माणसांचे काय? त्यांतल्या बहुतेकांना आजही वाटत असेल की आपला या प्रकाराशी काही संबंध नाही. हा लेख त्यांच्या वाट्याच्या जबाबदारीविषयी आहे, म्हणजेच जवळजवळ आपल्या सगळ्यांविषयी.

कराचीतला व्हिडिओ

त्या वर्षी देशभर जे फिरले त्यात एक व्हिडिओ सर्वांत जास्त गाजला. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात. मागे बसलेला माणूस एका मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातून टिपल्यासारखे हे दृश्य आहे. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असेच ते आहे, आणि ज्याच्या घरात लहान मूल आहे तो ते चटकन दुसऱ्याला पाठवणारच.

मूळ व्हिडिओ मात्र तिथे संपत नाही. त्यात ते दोघे वळून परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभर पुरतो, अशा आशयाचा इशारा त्यावर असतो. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या कराचीतल्या संस्थेने पालकांना जागे करण्यासाठी तयार केलेली ती जाहिरात होती. कोणीतरी तिचा शेवट कापला. शेवट कापल्यावर जाहिरातीचा ‘पुरावा’ झाला. मग प्रत्येक राज्यात तिला तिथल्या भाषेतला मजकूर आणि तिथल्या गावांची नावे जोडली गेली.

याच लाटेत निष्प्राण मुलांची रांगेत ठेवलेली दृश्येही फिरली. अवयव काढून टाकून दिलेली ही मुले, असा त्याखालचा मजकूर. ती दृश्ये प्रत्यक्षात सीरियातल्या घौता इथली होती. २०१३ मध्ये तिथे झालेल्या रासायनिक हल्ल्यात मरण पावलेली ती मुले होती.

म्हणजे दोन्ही चित्रांत दिसत होते ते कॅमेऱ्याने खरोखर टिपलेले होते, आणि त्यांच्याविषयीचे म्हणणे पूर्ण खोटे होते. अफवा अशीच बनते. सगळे खोटे रचायला कष्ट पडतात. खऱ्या चित्राचा संदर्भ तोडणे आणि त्याखाली दोन ओळी लिहिणे हे दोन मिनिटांचे काम. त्यामुळे ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी व्हिडिओ पाहिला’ हे वाक्य काहीच सिद्ध करत नाही. डोळ्यांनी पाहिले ते मोटरसायकल, मुलगा आणि दोन माणसे. ते कुठले, कधीचे आणि कशासाठी, हे डोळ्यांनी पाहिले नव्हते, ते खालच्या मजकुरात वाचले होते.

नाव कोणाचे जाते?

‘मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले’ ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी सबब आहे. ती का टिकत नाही हे समजायला, फॉरवर्ड करताना नेमके काय घडते ते पाहावे लागेल.

संदेश पुढे पाठवला की मूळ लिहिणाऱ्याचे नाव त्यावर राहत नाही. वाचणाऱ्याला दिसते ते तुमचे नाव आणि तुमचा फोटो. गावातल्या ग्रुपमध्ये तो मजकूर ‘गुरुजींनी पाठवलेला’ होतो, सोसायटीत ‘डॉक्टरकाकांनी टाकलेला’ होतो, भावकीत ‘आत्याचा मेसेज’ होतो. ज्या अनोळखी माणसाने तो रचला त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला नसता. विश्वास ठेवला जातो तो गुरुजींवर, डॉक्टरकाकांवर, आत्यावर. कर्जाला जामीन राहणारा माणूस पैसे घेत नाही, पण त्याच्या सहीशिवाय कर्ज मिळत नाही. पुढे पाठवणाऱ्याची जागा तीच आहे. आपली पत त्याने त्या मजकुरामागे उभी केलेली असते.

आणि हे एकाच ग्रुपमध्ये होत नाही. सकाळी माहेरच्या ग्रुपमधून, दुपारी शाळेच्या पालकांच्या ग्रुपमधून आणि रात्री कॉलेजच्या जुन्या मित्रांकडून तोच मजकूर येतो. वाचणाऱ्याला वाटते, तीन ठिकाणांहून बातमी आली म्हणजे काहीतरी तथ्य असणार. प्रत्यक्षात साक्षीदार एकही नसतो, एकच मजकूर तीन वाटांनी आलेला असतो. पुन्हा पुन्हा कानावर पडलेले विधान खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगांतून दाखवले आहे. पाठवणारा प्रत्येकजण नकळत या पुनरावृत्तीत भर घालतो.

आपल्या एकट्याच्या पाठवण्याने किती फरक पडतो, याचा साधा हिशेब करून पाहू. समजा, एकाने शंभर-शंभर माणसांच्या पाच ग्रुपमध्ये संदेश टाकला. तो पाचशेजणांकडे पोचला. त्यातल्या फक्त दहाजणांनी तसाच आपापल्या पाच ग्रुपमध्ये टाकला, तर दुसऱ्या पायरीला पाच हजार, तिसऱ्या पायरीला पन्नास हजार आणि चौथ्या पायरीला पाच लाख माणसांपर्यंत तो जातो. तीच तीच माणसे अनेक ग्रुपमध्ये असल्याने प्रत्यक्ष आकडा कमी भरेल, पण वाढीची चाल हीच. आता दर पाचशेमधल्या या दहांपैकी पाचजण थांबले असे धरा. चौथ्या पायरीला पाच लाखांऐवजी साडेबासष्ट हजार उरतात, म्हणजे एक अष्टमांश. सगळ्या जगाने शहाणे व्हायची गरज नाही. पाठवणाऱ्यांपैकी निम्मे थांबले तरी अफवेचा कणा मोडतो. तुमचे थांबणे त्या निम्म्यांत मोजले जाते.

‘सावध केलेले बरे’

दुसरी सबब अधिक प्रामाणिक असते. ‘खरे असो वा नसो, लोकांना सावध केले, त्यात काय बिघडले? मूल वाचले तर चांगलेच.’ हे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात, बहुतेक वेळा ती प्रेमळ आणि काळजी करणारी असतात. म्हणून या युक्तिवादाला नीट उत्तर दिले पाहिजे.

खोटा इशारा फुकट नसतो. त्याची किंमत कोणीतरी मोजतोच. ती किंमत ग्रुपमधली माणसे मोजत नाहीत, म्हणून ती ग्रुपमध्ये कोणाला दिसत नाही. ‘अनोळखी माणसांपासून सावध’ असे लिहिले की गावाबाहेरून येणारा प्रत्येकजण संशयित होतो. गावाबाहेरून कोण येते? भिक्षेकरी, फेरीवाले, ऊसतोड मजूर, परप्रांतातले कामगार, बहुरूपी, मनोरुग्ण, वाट चुकलेले प्रवासी. भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला तर हा संशय इंग्रजांच्या काळापासून आलेला आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये तो कायदा गेला. लोकांच्या मनातला शिक्का गेला नाही. मोबाइलवरच्या संदेशाने हा जुना संशय जागा केला आणि त्याला ‘आजची बातमी’ केले.

हे सगळे लोक तुमच्या ग्रुपमध्ये नसतात. त्यांना तो मजकूर वाचता येत नाही, खोडून काढता येत नाही, ‘हे आमच्याविषयी खोटे आहे’ असे सांगता येत नाही. राईनपाड्याच्या बाजारात उतरलेल्या पाचजणांना आपल्याविषयी काय पसरले आहे याची कल्पना असती, तर ते तिकडे फिरकलेच नसते. ज्याला उत्तर देण्याची संधीच नाही त्याच्यावर आरोप पुढे ढकलायचा असेल, तर खात्री करण्याचे ओझे पूर्णपणे आपल्यावर येते. पडताळणीचे नैतिक कर्तव्य मी म्हणतो ते या अर्थाने.

बिदरमध्ये काय झाले?

राईनपाड्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते. १३ जुलै २०१८ रोजी कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, मराठवाड्याला लागून असलेल्या भागात, हैदराबादहून काही मित्र मोटारीने आले होते. वाटेत एका गावाजवळ त्यांनी शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली. गावकऱ्यांना संशय आला, वादावादी झाली आणि ते गाडी घेऊन निघाले. कोणीतरी त्यांचे चित्रण करून ते ग्रुपमध्ये टाकले. संदेश गाडीच्या पुढे धावला. पुढच्या मुर्की गावात लोक वाट अडवून उभे होते. तिथे जमावाच्या मारहाणीत त्यांच्यातला एक तरुण इंजिनिअर मारला गेला.

ही घटना वेगळी का लक्षात ठेवायची? कारण इथे ना कराची होते, ना सीरिया. चित्रण त्याच दिवसाचे, त्याच तालुक्यातले आणि समोर घडलेले होते. ठिकाण आणि तारीख तपासली असती तर दोन्ही बरोबर निघाली असती. खोटा होता तो निष्कर्ष. मुलांना चॉकलेट देणे हे पाहिलेले होते, मुले पळवायला आले आहेत हे ठरवलेले होते. पाहिलेले आणि ठरवलेले यांच्यामध्ये एक प्रश्न विचारायला हवा होता, तो कोणी विचारला नाही. त्यामुळे ‘आमच्याच गावातला आहे, म्हणजे खरा’ ही कसोटी पुरेशी नाही. स्थानिक संदेशाच्या बाबतीत विचारायचे ते हे: लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले, आणि त्यावरून त्याने काय मानले?

खात्री कशी करायची?

मुले पळवणाऱ्या टोळीचा संदेश आला आहे असे धरून क्रमाने जाऊ.

पहिल्यांदा मजकूर वाचा आणि त्यात गाव, तारीख, पोलीस ठाणे यांची नावे शोधा. ‘काल रात्री’, ‘आज सकाळी’, ‘आपल्या शेजारच्या गावात’ असे शब्द असतील तर जपून. ‘आज’ लिहिलेला संदेश तीन वर्षांनी उघडला तरी ‘आज’च म्हणतो. अफवा रचणाऱ्याला तारीख नको असते, कारण तारखेने मजकूर शिळा होतो.

मग ठिकाण दिले असेल तर त्या पोलीस ठाण्याला फोन करा. आपल्या हद्दीतल्या ठाण्याचा क्रमांक मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा, हे काम आजच करण्यासारखे आहे. विचारायचे एवढेच: ‘साहेब, अशी तक्रार आपल्याकडे नोंदली आहे का?’ मूल पळवल्याची घटना खरी असेल तर तक्रार असतेच. धोका प्रत्यक्ष समोर दिसत असेल, तर ग्रुपमध्ये लिहीत बसण्याऐवजी ११२ लावावा. मदत पोलीस पाठवू शकतात, ग्रुप फक्त गर्दी पाठवू शकतो.

व्हिडिओ असेल तर तो आवाज बंद करून एकदा पाहा. आवाज आणि खालचा मजकूर बाजूला केला की प्रत्यक्ष काय दिसते ते वेगळे होते. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेट कशा आहेत, माणसांचे कपडे कुठले आहेत, चित्रण शेवटी एकदम तुटते का, हे पाहा. मग एखादे ठळक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका. तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आले होते ते बहुतेक वेळा सापडते. कराचीच्या व्हिडिओचे पितळ याच प्रकारे उघडे पडले. पडताळणी करणाऱ्या पत्रकारांनी तो मूळ जाहिरातीशी जुळवून राईनपाड्याच्या आधीच खोटा ठरवला होता. ते सत्य उपलब्ध होते, फक्त ते धुळ्यातल्या त्या मोबाइलपर्यंत पोचले नव्हते.

या उपायांनाही मर्यादा आहेत. नुसत्या आवाजाच्या फितीला किंवा साध्या लिखित मजकुराला चित्रशोध लागू पडत नाही. ताज्या चित्रणाची जुनी नोंद मिळणार नाही. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशांवर खूण दाखवायला सुरुवात केली. अनेक हातांतून आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो, आणि २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. हा दुहेरी बाण दिसला की समजावे, पाठवणाऱ्याला मूळ ठाऊक नाही. पण कोणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला तर ती खूणही नाहीशी होते. शिवाय हे संदेश वाटेत कोणालाही वाचता येत नाहीत, कंपनीला नाही आणि पोलिसांनाही नाही. खासगीपणासाठी ही व्यवस्था चांगलीच आहे. तिचा दुसरा अर्थ असा की अफवेच्या वाटेवर नाका एकच आहे, ग्रुपमधले आपण.

म्हणून शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. सगळे करूनही खात्री झाली नाही, तर संदेश पाठवायचा नाही. ‘खोटा ठरला नाही’ म्हणजे ‘खरा आहे’ असे होत नाही. वेळ नाही, फोन लागत नाही, शोधता येत नाही, या सगळ्या अडचणी खऱ्या असतील. त्यांचा निष्कर्ष एकच निघतो, तो म्हणजे थांबणे. हेच चांगल्या हेतूच्या संदेशांनाही लागू आहे. रक्त हवे असल्याचा किंवा मूल हरवल्याचा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी त्यातल्या क्रमांकावर फोन करावा. मूल घरी परतल्यावरही त्याचा फोटो महिनोन्‌महिने फिरत राहतो, आणि ते कुटुंब अनोळखी फोनना उत्तरे देत बसते.

पाठवून झाल्यावर, आणि दुसऱ्याने पाठवल्यावर

पाठवलेला संदेश खोटा निघाला तर तो नुसता पुसून भागत नाही. आपल्या ग्रुपमधून तो गेला तरी लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून जिथे जिथे टाकला होता त्या प्रत्येक ग्रुपमध्ये स्वच्छ शब्दांत लिहावे: ‘मी काल टाकलेला संदेश खोटा आहे. पोलीस ठाण्यात विचारले, अशी तक्रार नाही. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हेही पाठवा.’ हे लिहायला संकोच वाटतो, पण आपल्या नावावर पसरलेली गोष्ट आपल्याच नावाने मागे घेता येते.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी असा संदेश टाकला तर अनेकजण गप्प बसतात. चारचौघांत चूक दाखवली तर अपमान वाटेल ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय आहे. त्यांना वेगळा फोन करावा: ‘काका, तुम्ही टाकलेला व्हिडिओ मी तपासला. तो कराचीतल्या जाहिरातीचा निघाला. तुम्हीच ग्रुपमध्ये लिहिलंत तर सगळे ऐकतील.’ त्यांचा मानही राहतो आणि दुरुस्ती त्यांच्याच तोंडून गेल्याने तिला वजनही येते.

ॲडमिनच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की, ग्रुपमधल्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. अफवा पसरवणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे. पण हजारो हातांतून गेलेल्या संदेशामागचा प्रत्येक हात कायद्याला सापडणार नाही. जिथे कायदा पोचत नाही, तिथे माणसाला स्वतःच स्वतःला विचारावे लागते.

मुले पळवणाऱ्यांचा संदेश तुमच्याकडे पुन्हा येईल, कारण दर दोन-तीन वर्षांनी तो कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात येतोच. तेव्हा एवढे करा. तो पुढे पाठवू नका. पोलीस ठाण्याला फोन करा आणि तिथून जे कळेल ते, तुम्ही कोणाला विचारलेत त्यासह, त्याच ग्रुपमध्ये लिहा. तुमच्या नावावर लोक विश्वास ठेवतात. त्या विश्वासाने एखाद्या अनोळखी वाटसरूचा जीव जाऊ नये, याची खात्री तुमच्याशिवाय दुसरे कोणीही करू शकत नाही.